भरला, भरला ना, भरला की!

सोसायटीच्या जिन्यात सेक्रेटरी गाठतात आणि विचारतात, "मेंटेनन्स भरला का?" याला मुंबईत निदान चार उत्तरं येऊ शकतात. "भरला." "भरला ना." "भरला की!" आणि पैसे नवऱ्याने भरले असतील, आपण स्वतः बघितलं नसेल, तर "भरला म्हणे." आता ही चारही वाक्यं 'मराठी शिका' छाप पुस्तकाला इंग्रजीत करायला द्या, चारही ठिकाणी एकच वाक्य मिळेल, मेंटेनन्स भरला. तसं बघितलं तर चूक काहीच नाही, पैसे भरले ही बातमी चारही वाक्यांत तीच आहे. पण "भरला ना" ऐकून सेक्रेटरी मान हलवून पुढे जातील आणि "भरला की!" ऐकून म्हणतील, "अहो चिडू नका, लिस्टमध्ये नाव दिसलं नाही म्हणून विचारलं."

म्हणजे त्या एका 'की'ने काहीतरी सांगितलं आणि समोरच्याने ते बरोब्बर ऐकलं. काय सांगितलं?

आपल्याकडे स्पर्धा परीक्षांची व्याकरणाची पुस्तकं उघडलीत तर केवलप्रयोगी अव्ययांमध्ये 'व्यर्थ उद्गारवाची' असा एक पोटप्रकार सापडतो, त्यात 'म्हणे', 'आपला', 'बापडा' बसवलेले असतात, आणि बाजूला 'पादपूरणार्थ' म्हणून 'बरं का' वगैरे. व्यर्थ! जर्मन लोकांनी तर याहून वाईट केलं. त्यांच्याकडे 'डॉख', 'या', 'माल' असे छोटे शब्द बोलताना सारखे येतात, आणि 1940च्या दशकात लुडविग रायनर्स या शैलीच्या गुरुजींनी असल्या भरतीच्या शब्दांना भाषेच्या फरमधल्या उवा म्हटलं होतं. पुढे 1969 साली हाराल्ड वाइट यांनी याच शब्दांवर एक आख्खं पुस्तक लिहिलं, जर्मन वाक्यं आणि त्यांची फ्रेंच रूपं शेजारी शेजारी ठेवून, आणि तिथून या 'उवां'चा नीट अभ्यास सुरू झाला. आज भाषाशास्त्रात यांना मोडल पार्टिकल म्हणतात, आणि आपल्यासारखे वाक्याच्या शेवटी येत असतील तर सेंटेन्स-फायनल पार्टिकल. मी सोयीसाठी शेपूट म्हणते.

शेपटाचा अर्थ वाक्याच्या मुख्य अर्थापेक्षा वेगळ्या ठिकाणी राहतो हे ओळखायची एक सोपी टेस्ट आहे. "भरला की!" वर सेक्रेटरी म्हणाले, "खोटं", तर त्यांनी नेमकं काय खोटं ठरवलं? फक्त पैसे भरल्याचं. 'की'ला त्या 'खोटं'चा धक्कासुद्धा लागत नाही. 'की'वर आक्षेप घ्यायचा असेल तर त्यांना बोलणं थांबवून वेगळंच काहीतरी म्हणावं लागेल, "अहो एक मिनिट, तुम्ही भरला ते मला कसं कळणार?" लिंग्विस्टिक्समध्ये ही टेस्ट खरोखरच 'अरे थांब जरा' अशा अर्थाच्या नावाने ओळखली जाते. आणि सेक्रेटरींचा हा आक्षेपच आपल्याला 'की'चा अर्थ उघड करून देतो, कारण तक्रार अशी आहे की तुम्ही माझ्यावर ठपका ठेवलात, जणू मला हे माहीत असायलाच हवं होतं.

तर 'की'चा पहिला अंदाज असा, की बोलणारा म्हणतोय, तुझ्या डोक्यात काहीतरी उलटं बसलंय आणि खरं तर तुला हे माहीत असायला हवं. "पासवर्ड नाही पाठवलास." "पाठवला की!" एकदम फिट. आणि याची उलट बाजूही पटते, कारण कोरी करकरीत बातमी 'की' लावून सांगता येत नाही. ऑफिसातून घरी येऊन, कोणी काही विचारलेलं नसताना, "मला प्रमोशन मिळालं की" असं कोणी सुरुवात करत नाही, केलीच तर घरचे म्हणतील, कधी? बोलली नाहीस!

पण मग हे बघा. खिडकी उघडली आणि तोंडातून निघालं, "अरे, पाऊस आला की!" किंवा दोन वर्षांनी भाचा भेटला, "केवढा उंच झालास की रे!" इथे समोरच्याला काय माहीत असायला हवं होतं? पावसाच्या वेळी तर समोर कोणी नाहीच, मी एकटीच बोलतेय. आणि माहीत नव्हतं ते मलाच. म्हणजे एकाच शेपटाचे दोन अगदी उलटे अर्थ, 'तुला माहीत असायला हवं' आणि 'मला माहीत नव्हतं'. इथे दोन वेगळे 'की' आहेत असं म्हणून मोकळं होता येतं, पण मला ते आळशीपणाचं वाटतं. दोन्हीकडे सामाईक काय आहे बघा, आधीपासून कोणाच्या तरी मनात एक समजूत होती आणि समोरची गोष्ट तिला छेद देते. सेक्रेटरींची समजूत, भरलेला नाही. माझी समजूत, बाहेर कोरडं आहे. 'की' फक्त एवढंच सांगतो की इथे एक समजूत मोडली, कोणाची ते प्रसंगावरून कळतं. भांडणात ती समोरच्याची असते म्हणून ठपका वाटतो, खिडकीत माझी असते म्हणून आश्चर्य वाटतं.

आणि हा अर्थ धरला की आज्ञार्थातलं कोडंही सुटतं. पाहुणे दारातच घुटमळतायत, त्यांना म्हणतो, "बसा की!" ते संकोचलेत, बसावं की नको अशी त्यांची समजूत झालीय, तिलाच 'की' ढकलून देतो, कसली अडचण, बसा. जर्मनमध्ये अशाच पाहुण्याला 'बस'च्या क्रियापदामागे 'डॉख' लावतात, "झेट्स डिख डॉख", आणि हाच 'डॉख' वादात 'पाठवला की!'च्या जागीही येतो. दोन भाषांचा एकमेकींशी जवळचा संबंध नाही तरी दोघींनी उलट समजूत मोडणं, आग्रह करणं ही कामं एकाच शब्दाला दिली, हे मला तरी जाम आवडतं. याउलट ज्याच्या मनात काही आडकाठीच नाही अशा माणसाला 'की' लावलं तर विचित्र होतं, डेंटिस्ट खुर्चीकडे बोट दाखवून "बसा" म्हणतो, "बसा की" नाही, तुम्ही घाबरून उभेच राहिलात तर मात्र म्हणेल.

आता 'ना'. "भरला ना?" आवाज वर चढवून म्हटलं तर ते कन्फर्म करणं झालं, माझ्या मते हे आपल्या दोघांना मान्य आहे, तू फक्त हो म्हण. आवाज खाली आणून, "सांगितलं ना!" म्हटलं तर, हे आपल्या दोघांत आधीच ठरलेलं आहे, परत उकरू नकोस. दोन्हीकडे मुद्दा सामाईक खात्याचाच, म्हणजे दोघांना आधीच मान्य असलेल्या गोष्टींचा, चढा सूर गोष्ट खात्यात टाकायला परवानगी मागतो, उतरता सूर म्हणतो ती आधीच जमा आहे. जपानीत हे काम बऱ्याच अंशी 'ने' करतो, म्हणून तिकडे उकाड्याबद्दल बोलायचं तर वाक्याला 'ने' जोडायचा, कारण उकाडा दोघांनाही लागतोय. आणि ऐकणाऱ्याला नवी असलेली गोष्ट ठासून सांगायची असेल तर 'यो'. ही दोन्ही एकत्र आली तर क्रम 'यो ने' असाच, 'ने यो' होत नाही. आपल्याकडेही क्रम पक्का आहे, "आला की रे" होतं, "आला रे की" कुणी म्हणत नाही. व्यर्थ शब्दांना एवढी शिस्त कुठून आली, हे त्या व्याकरणवाल्यांना विचारायला हवं.

'म्हणे'चं काम वेगळंच, तो माहितीचा उगम सांगतो. "उद्या पाणी नाही म्हणे" म्हणणारा स्वतः जबाबदारी घेत नाही, उद्या नळ धो धो वाहिला तरी तो खोटं बोलला असं होत नाही. आणि हा शब्द 'म्हणणे'चंच गोठलेलं रूप आहे, आता त्याला लिंग नाही की वचन नाही, "तो आला म्हणे", "त्या आल्या म्हणे", सगळीकडे तोच. तुर्की भाषेत हे काम क्रियापदाच्या आतच 'मिश' प्रत्ययाने होतं.

मग इंग्रजीत हे हरवतं का, तर इंग्रजी माणूस चिडत नाही म्हणून नव्हे. 'भरला की!'ला तिथे 'आय डिड पे' आहे, 'डिड'वर जोर देऊन. 'भरला ना?'ला 'पेड, राइट?' आहे. म्हणजे सोय आहे, पण ती सुरात, जोरात किंवा वाक्याच्या बांधणीत विखुरलेली आहे, शब्दाला शब्द लावत बसलं की 'की'च्या समोर रकाना रिकामा राहतो आणि माणूस पुढे जातो. सबटायटलवाल्यांची तर आणखी पंचाईत, ओळीला साधारण 42 अक्षरांची मर्यादा असते, आणि कात्री लावायची वेळ आली की सगळ्यात आधी हेच जातं, कारण ते काढलं तरी वाक्य खरंच राहतं.

मुंबईत मराठी शिकणाऱ्या हिंदी मित्रमैत्रिणींकडे बघितलं तर गंमत कळते. 'ना' त्यांना पहिल्या आठवड्यात येतो, हिंदीत आहेच. 'की' मात्र वर्षानुवर्षं येत नाही, कारण हिंदीत 'कि' म्हणजे पुढे काहीतरी येणार, "उसने कहा कि...". त्यामुळे तुम्ही "भरला की!" म्हणून गप्प झालात की ते वाट बघत राहतात, भरला की काय? की नाही? आपल्याकडेही 'चहा की कॉफी'तला 'की' आहेच, म्हणजे घोळ त्यांच्या डोक्यातला नाही, तीन वेगवेगळी कामं एकाच आवाजात कोंबलेली आहेत. यातला कुठला हे ओळखायची खूण सुरात आहे, शेपटाचा 'की' आधीच्या शब्दाला चिकटून येतो, मध्ये श्वास नाही, आणि त्याच्यानंतर वाक्य खरोखर संपतं, फार तर 'रे', 'गं' किंवा 'हो' लागतो.

आणि कोल्हापूरकडची मंडळी भेटली तर हा ठपकाही विसरा, तिकडे "येतो की", "चल की रं" इतक्या सहज येतं की त्यात चिडणं शोधलंत तर फसाल. दादरच्या जिन्यात जो 'की' ऐकून सेक्रेटरी सॉरी म्हणतात, तोच कोल्हापुरात चहा पुढे करताना येतो, "घ्या की".