ड्रॉप आणि कॅपिटल: पंचिंगला दोघांचं उत्तर वेगळं

बाणेर-हिंजवडी पट्ट्यातल्या ऑफिस इमारतींच्या बेसमेंट पार्किंगमध्ये मान वर केली की अनेकदा बीम दिसतच नाहीत. सपाट स्लॅब थेट कॉलमवर टेकलेला असतो आणि कॉलमच्या डोक्यापाशी काहीतरी जाड झालेलं असतं. साइटवर या जाडीला सरसकट ‘ड्रॉप’ म्हटलं जातं, पण त्यात दोन निराळ्या गोष्टी आहेत. कॉलमभोवती स्लॅबच खालून जाड केला तर तो ड्रॉप. कॉलम वर जाताना स्लॅबला भेटण्याआधी पसरत नेला तर ते कॅपिटल.

दोन्हींचं पहिलं काम पंचिंग आवरणं. भार फार झाला तर कॉलम स्लॅबमधून आरपार घुसू पाहतो आणि त्याच्याभोवतीचं काँक्रीट तिरकं फाटतं. आयएस ४५६:२००० नुसार ही तपासणी कॉलमच्या कडेपासून d/2 अंतरावरच्या परिघावर होते. यात d म्हणजे स्लॅबची इफेक्टिव्ह डेप्थ. भार भागिले (परिघ × d) म्हणजे शिअर स्ट्रेस. चौरस कॉलमला काँक्रीटची एकट्याची मर्यादा ०.२५√fck, म्हणजे एम ३० साठी १.३७ न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर.

एक आतला कॉलम घेऊ. ८ मीटरची ग्रिड, ६०० मिमी चौरस कॉलम, २५० मिमी स्लॅब, d २१५ मिमी. स्वतःचं वजन ६.२५, फिनिश १.५ आणि ऑफिसचा लाइव्ह लोड ४, बेरजेला १.५ ने गुणलं की प्रति चौरस मीटर १७.६ किलोन्यूटन. परिघाच्या आतला भार वगळून सुमारे १,११६ किलोन्यूटन उरतात. परिघ ४ × ८१५ = ३,२६० मिमी. स्ट्रेस येतो १.५९. नुसत्या काँक्रीटवर हा स्लॅब नापास.

आता १०० मिमी ड्रॉप द्या. d ३१५ होते आणि परिघही थोडा वाढून ३,६६० मिमी होतो. ड्रॉपचं जादा वजन धरूनही स्ट्रेस ०.९९ वर उतरतो. त्याऐवजी कॉलमचं डोकं ४५ अंशांत पसरवून १,२०० मिमी चौरस कॅपिटल केलं तर d २१५ च राहते, परिघ मात्र ५,६६० मिमी होतो आणि स्ट्रेस ०.९० येतो. ड्रॉपचा भर खोलीवर, कॅपिटलचा परिघावर. पंचिंगपुरतं पाहिलं तर या उदाहरणात कॅपिटल थोडं सरसच ठरतं.

तरीही माझा कल ड्रॉपकडे आहे, कारण त्याचा फायदा पंचिंगपाशी संपत नाही. कॉलमवरच्या टॉप स्टीलला ३१५ मिमी खोली मिळाली की तेवढ्याच मोमेंटला ते अंदाजे तीस टक्क्यांनी कमी लागतं. डिफ्लेक्शनलाही मदत होते: कोडप्रमाणे ड्रॉप असेल तर स्पॅन-डेप्थ गुणोत्तर जसंच्या तसं वापरता येतं, नसेल तर ते ०.९ ने गुणून कमी करावं लागतं. सेंटरिंगही सपाट प्लायचं, कॅपिटलसारखा तिरका साचा लागत नाही. कॅपिटलच्या बाजूने हेही सांगायला हवं की ते क्लिअर स्पॅन कमी करतं, म्हणून मोमेंटही घटतो. शिवाय ते कॉलमपाशीच राहतं, त्यामुळे डक्ट आणि स्प्रिंकलरच्या लाइनला अडथळा कमी.

खरा गोंधळ होतो तो तोकड्या ड्रॉपमध्ये. कोडच्या हिशेबाने ड्रॉपची लांबी दोन्ही दिशांना पॅनेलच्या एक-तृतीयांशाहून कमी नको. आपल्या ग्रिडला २.६७ मीटर, म्हणजे व्यवहारात २.७ मीटर. साहित्य वाचवायला तो १.२ मीटरचा केला तरी पंचिंग पास होतं. पण त्याच्या कडेपलीकडे टॉप स्टीलला पुन्हा २१५ मिमीच खोली असते, मोमेंट मात्र अजून बराच उरलेला असतो. डिफ्लेक्शनची सवलतही जाते. असा ड्रॉप पंचिंगपुरता धरावा, स्टील कमी करायला त्याचा आधार घेऊ नये.

ड्रॉप दिला की तपासणी दोनदा करायची, हेही राहून जातं. पहिली कॉलमभोवती ३१५ मिमी धरून, दुसरी ड्रॉपच्या कडेबाहेर २१५ मिमी धरून. २.७ मीटरच्या ड्रॉपला दुसरीचा स्ट्रेस ०.३९ येतो, चिंता नाही. १.२ मीटरला तो ०.९० होतो. त्याहून लहान, जाड ड्रॉप केला तर आतली तपासणी पास आणि बाहेरची नापास असंही घडू शकतं.

हे सगळे आकडे निव्वळ उभ्या भाराचे. कडेच्या आणि कोपऱ्यातल्या कॉलमला परिघाची एक किंवा दोन बाजू नसतातच, आणि स्लॅबमधून कॉलममध्ये जाणाऱ्या असमतोल मोमेंटचा काही भाग, चौरस कॉलमला ४० टक्के, शिअरमध्ये मिळवावा लागतो.

काँक्रीट ओतताना चेअर दबून टॉप स्टील ३० मिमी खाली गेलं, तर साध्या स्लॅबचा स्ट्रेस १.५९ वरून १.९२ होतो, ड्रॉपवाल्याचा ०.९९ वरून १.१३, म्हणजे अजूनही मर्यादेत. म्हणून ओतकामाआधी कॉलमच्या डोक्यावर उभं राहून सेंटरिंगपासून टॉप स्टीलपर्यंतची उंची टेपने मोजावी आणि माणसं त्यावरून चालून गेल्यावर पुन्हा मोजावी.