रोखेसंग्रहाचे प्रतिरक्षण

ठरावीक वर्षांनी ठरावीक रक्कम हाती यायला हवी असेल, तर मधल्या काळात व्याजदर वर गेले वा खाली आले तरी ती रक्कम ढळू नये अशा बेताने रोखे निवडण्याची पद्धत. बाजारात तिला इम्युनायझेशन म्हणतात. विमा कंपन्या व पेन्शन निधी तिचा वापर करतात. हे नाव ब्रिटिश विमागणिती फ्रँक रेडिंग्टन यांच्या 1952 च्या निबंधामुळे रूढ झाले. तिला लागणारे माप, म्हणजे ड्युरेशन, फ्रेडरिक मॅकॉले यांनी 1938 मध्ये मांडले होते.

व्याजदर बदलला की रोखेधारकावर दोन उलटे परिणाम होतात. दर घसरला तर हातातल्या रोख्याचा भाव वाढतो, पण मिळणारे कुपन, म्हणजे रोख्यावर दरवर्षी येणारे ठरावीक व्याज, पुन्हा गुंतवताना कमी व्याज पदरी पडते. दर चढला तर भाव पडतो आणि कुपनावर जास्त व्याज मिळू लागते. पहिला परिणाम तात्काळ दिसतो, दुसरा वर्षांगणिक साचत जातो. त्यामुळे एक क्षण असा येतो की दोन्हींची जवळजवळ फिटंफाट होते, आणि तो क्षण म्हणजेच रोख्याचे ड्युरेशन. रोख्यातून येणाऱ्या प्रत्येक रकमेचे आजचे मूल्य काढायचे, ती रक्कम किती वर्षांनी येणार त्या आकड्याला त्या मूल्याच्या प्रमाणात वजन द्यायचे आणि सरासरी घ्यायची, की ड्युरेशन मिळते. कुपन देणाऱ्या रोख्याचे ड्युरेशन त्याच्या मुदतीपेक्षा नेहमी कमी असते, कारण काही पैसे आधीच परत आलेले असतात.

नेमकी इथेच सर्वसामान्य गुंतवणूकदाराची गफलत होते. समजा, मुलीच्या शिक्षणासाठी 7 वर्षांनी पैसे लागणार आहेत, आज हातात 10,00,000 रुपये आहेत आणि बाजारातला दर 7 टक्के आहे. त्या दराने रक्कम 16,05,781 व्हायला हवी. बहुतेक जण 7 वर्षांचाच रोखा घेतील, पण वार्षिक 7 टक्के कुपनाच्या अशा रोख्याचे ड्युरेशन फक्त 5.77 वर्षे भरते. खरेदीनंतर लगेच दर 6 टक्क्यांवर आला आणि तिथेच राहिला, तर मुद्दल पूर्ण परत येते, पण दरवर्षीचे 70,000 रुपये सहा टक्क्यांनीच वाढतात. शेवटी 15,87,569 रुपये हाती येतात, म्हणजे सुमारे 18,000 रुपयांची तूट.

त्याऐवजी तेच कुपन देणारा 9 वर्षांचा रोखा घेतला, तर त्याचे ड्युरेशन 6.97 वर्षे, म्हणजे उद्दिष्टाच्या अगदी जवळ. दर 6 टक्के झाला तर व्याजासह कुपनांचे 5,87,569 होतात आणि दोन वर्षे मुदत उरलेला रोखा 10,18,334 रुपयांना विकला जातो. एकूण 16,05,903. दर 8 टक्के झाला तर कुपनांचे 6,24,596 आणि रोख्याचे 9,82,167, मिळून 16,06,764. दोन्हीकडे उद्दिष्ट गाठलेच, उलट थोडे वरच. ही वरकड रोख्याच्या बहिर्वक्रतेतून येते: दर घसरल्यावर भाव जितका चढतो, तितका तो दर चढल्यावर पडत नाही. मात्र आठ टक्क्यांच्या बाबतीत पहिल्याच दिवशी रोख्याचा भाव 9,37,531 वर आलेला दिसतो. त्या दिवशी घाबरून विकणाऱ्याचे सगळे गणित फसते.

ही जुळणी एकदा करून विसरून जाता येत नाही. वर्षभरानंतर उद्दिष्ट 6 वर्षांवर येते, पण दर 7 टक्केच असला तरी त्या रोख्याचे ड्युरेशन 6.39 वर्षे असते. आलेले कुपन अल्प मुदतीत ठेवले तर संपूर्ण संग्रहाचे ड्युरेशन साधारण 5.97 राहते. तेच कुपन सवयीने त्याच रोख्यात घातले तर संग्रह उद्दिष्टापेक्षा लांबतो. शिवाय दर बदलला की ड्युरेशनही हलते. 6 टक्क्यांवर आपल्या रोख्याचे ते सुरुवातीलाच 7.04 झाले असते. म्हणून निधी व्यवस्थापक ठरावीक काळाने, तसेच दरात मोठी हालचाल झाली की, फेरजुळणी करतात. खरेदी-विक्रीचा खर्च मात्र प्रत्येक वेळी लाभातून वजा होतो.

पद्धतीची खरी मर्यादा वेगळीच आहे. वरचे गणित सर्व मुदतींचे दर एकसारखे आणि एकदाच हलतील असे धरून चालते. समजा, कुपन गुंतवताना दर 6 टक्के मिळाला, पण सातव्या वर्षी विक्रीच्या वेळी दोन वर्षांच्या रोख्याचा दर 8 टक्के होता. मग हाती 15,69,736 येतात आणि तूट 36,000 रुपयांवर जाते, म्हणजे नुसती मुदत जुळवणाऱ्यापेक्षाही दुप्पट. रोख प्रवाह उद्दिष्टाच्या तारखेपासून जितके दूर पसरलेले, तितका हा धोका मोठा. म्हणून एक अगदी लहान व एक फार लांब रोखा घेऊन सरासरी जुळवण्यापेक्षा त्या तारखेच्या आसपासचे रोखे घेणे बरे. कुपनच नसलेल्या रोख्यात ही अडचण उरत नाही, कारण त्याची मुदत आणि ड्युरेशन एकच असतात. भारतात सरकारी रोख्यांची कुपने सुटी करून 'स्ट्रिप्स' म्हणून विकण्याची सोय 2010 पासून आहे. हव्या त्या तारखेची स्ट्रिप रास्त भावात मिळाली, तर वरच्या उदाहरणातल्या कुटुंबाला फेरजुळणीची गरजच पडत नाही. ती मिळाली नाही, तरच 9 वर्षांच्या रोख्याचा मार्ग धरावा लागतो.