नोकरी सोडताना पीएफ काढताय? आधी जुनं खातं जोडून घ्या

पाच वर्षं भरायच्या आत पीएफ काढला तर त्यावर कर लागतो, हे बहुतेकांना माहीत असतं. पण ही पाच वर्षं एकाच कंपनीत भरावी लागत नाहीत. आधीच्या नोकरीचा पीएफ नव्या खात्यात वळवला असेल, तर तिथली सेवाही धरली जाते. नुसता यूएएन एक असून भागत नाही, पैसे प्रत्यक्ष हलावे लागतात.

एक उदाहरण घेऊ. पहिल्या कंपनीत २ वर्षं २ महिने, दुसरीत ३ वर्षं ४ महिने. दुसरीकडे बेसिक ३०,००० रुपये. दुसऱ्या खात्यात स्वतःचे १,४४,०००, कंपनीचे ९४,००० आणि व्याज साधारण ३२,०००, असे २,७०,००० जमले. जुनं खातं वळवलं असेल तर सेवा साडेपाच वर्षांची होते आणि कर शून्य. वळवलं नसेल तर १० टक्के म्हणजे २७,००० टीडीएस कापूनच पैसे हातात येतात. पॅन जोडलेला नसेल तर २० टक्के. (५०,००० पेक्षा कमी रकमेवर टीडीएस कापत नाहीत, पण कर माफ होत नाही.)

टीडीएस म्हणजे अंतिम कर नव्हे. कंपनीचा वाटा आणि सगळं व्याज करपात्र. स्वतःच्या वाट्यावर कर लागतो तो ८०सीची सूट घेतली असेल तेवढ्यापुरताच. आजारपणामुळे किंवा कंपनी बंद पडल्यामुळे नोकरी गेली असेल, तर पाच वर्षांची अट लागत नाही.

म्हणून पैसे काढण्याचा अर्ज करण्याआधी ईपीएफओच्या सदस्य पोर्टलवर View मधली Service History उघडा. जुन्या कंपनीपुढे नोकरी सोडल्याची तारीख नसेल, तर वळवणीचा अर्ज तिथेच अडतो. ती तारीख Manage मधल्या Mark Exit मधून आपल्यालाही भरता येते, शेवटच्या वर्गणीनंतर दोन महिन्यांनी. मग Online Services मधून One Member – One EPF Account हा अर्ज करा. आधार, पॅन आणि बँक खातं जोडलेलं हवं, आणि नावाचं स्पेलिंग सगळीकडे तेच. जुनी रक्कम नव्या पासबुकात दिसेपर्यंत काढण्याची घाई नको. वळवणीचा तपशील देणारं ‘अनेक्श्चर के’ जपून ठेवा. टीडीएस चुकून कापला गेला तर रिटर्नमध्ये परतावा मागताना तोच पुरावा.

ग्रॅच्युइटीचं गणित मात्र उलटं. तिथे दोन कंपन्यांची सेवा जोडली जात नाही, त्यामुळे वरच्या उदाहरणातल्या कायम नोकरीत दोन्हीकडे मिळून साडेपाच वर्षं होऊनही पाच वर्षांच्या अटीत कुठेच बसत नाही.

रजेच्या पैशांबाबत लोक विनाकारण कर भरतात. नोकरीत असताना रजा विकली तर सगळी रक्कम करपात्र. राजीनामा देऊन निघताना मिळाली तर खासगी नोकरदारालाही सूट आहे, आयुष्यभरात एकूण २५ लाखांपर्यंत. शिल्लक ४० दिवसांचे ४०,००० मिळाले, तर ते दहा महिन्यांच्या सरासरी पगारापेक्षा आणि वर्षाला ३० दिवसांच्या हिशोबापेक्षा कमीच भरतात, म्हणजे पूर्ण माफ. अनेक कंपन्या शेवटच्या हिशोबात यावर सरसकट कर कापतात. तसं झालं असेल तर हिशोबाचा कागद घेऊन रिटर्नमध्ये सूट दाखवा.