मोटर-बेअरिंगचा कंपनकल

मोटरच्या बेअरिंगजवळ ठरावीक अंतराने कंपन मोजून, त्या आकड्यांच्या चढउतारावरून बेअरिंगची झीज आधीच ओळखण्याची पद्धत. एकट्या आकड्यापेक्षा त्याची आठवड्यागणिक होणारी वाटचाल, म्हणजे कल, हा येथे निर्णयाचा आधार असतो. स्क्रू-ड्रायव्हरचे टोक बेअरिंगच्या घरावर आणि मूठ कानाला लावून फिटर जे ऐकतो, त्याचेच हे मोजता येणारे रूप होय. फरक इतकाच, की कानाला खरखर लागते तेव्हा झीज बरीच पुढे गेलेली असते.

बेअरिंगमध्ये पहिला बिघाड बहुधा डोळ्यांना दिसत नाही. गोळ्या सतत त्याच जागेवरून जाऊन धातू थकतो, पृष्ठभागाखाली सूक्ष्म तडा जातो आणि कालांतराने तिथला पापुद्रा सुटून खड्डा पडतो. त्यानंतर प्रत्येक गोळी खड्ड्याच्या कडेवर आपटते. हा आघात अतिशय क्षणिक असतो, पण घंटेवर टोला पडावा तसे बेअरिंगचे घर त्याने काही हजार हर्ट्झला झणझणते. झणझण लगेच विरते आणि पुढची गोळी आली की पुन्हा उमटते.

मोटरची सर्वसाधारण प्रकृती पाहण्यासाठी कंपनाचा वेग मिलिमीटर प्रति सेकंदात मोजतात, तोही बहुधा १० ते १,००० हर्ट्झ या पट्ट्यात. असंतुलन, शाफ्टची चुकीची जुळणी, सैल बोल्ट यांसाठी हे मापन उत्तम आहे. बेअरिंगच्या कोवळ्या झिजेसाठी मात्र ते जवळजवळ आंधळे ठरते. झणझण त्या पट्ट्याच्या वर होते हे एक कारण. दुसरे असे, की त्वरण तेवढेच असले तरी वारंवारता वाढत जाते तसा वेग लहान होत जातो: १ जी, म्हणजे गुरुत्वाकर्षणाएवढे, त्वरण ५,००० हर्ट्झला असेल, तर वेग जेमतेम ०.३ मिमी/से भरतो. म्हणून ‘वेग मर्यादेत आहे, मोटर ठीक आहे’ हा शेरा बेअरिंगपुरता फसवा असतो.

यावर उपाय म्हणजे एन्व्हलप मापन. त्यात त्वरणमापकाच्या संकेतातून आधी फक्त उच्च वारंवारतेचा पट्टा, उदाहरणार्थ २ ते १० किलोहर्ट्झ, निवडून घेतात. मग झणझणीचा सूर बाजूला ठेवून ती किती वेळाने पुन्हा उमटते एवढेच शोधतात. या पुनरावृत्तीवरून दोषाची जागा कळते, कारण ती बेअरिंगच्या भूमितीने ठरते. बाहेरच्या कड्यावर दोष असेल तर दर सेकंदाला होणारे आघात काढण्यासाठी गोळ्यांच्या संख्येच्या निम्म्याला शाफ्टच्या प्रतिसेकंद फेऱ्यांनी गुणतात. त्याला पुन्हा, १ मधून गोळीचा व्यास भागिले गोळ्यांच्या वर्तुळाचा व्यास हे वजा करून येणाऱ्या संख्येने गुणतात. आतल्या कड्यासाठी वजाऐवजी अधिक घेतात.

छोट्या मोटरींत सर्रास दिसणारे ६२०५ क्रमांकाचे बेअरिंग घेऊ. नेहमीच्या रचनेत त्यात ९ गोळ्या असतात, गोळीचा व्यास ७.९४ मिमी आणि गोळ्यांच्या वर्तुळाचा व्यास सुमारे ३९ मिमी असतो. मोटर १,४४० फेरे प्रति मिनिट फिरत असेल तर ते सेकंदाला २४ फेरे झाले. त्यावरून बाहेरच्या कड्यासाठी सुमारे ८६ हर्ट्झ आणि आतल्या कड्यासाठी सुमारे १३० हर्ट्झ येतात. दोन्ही आकडे २४ च्या पूर्ण पटीत नाहीत, आणि ही गोष्ट फार उपयोगी पडते. वर्णपटात, म्हणजे कंपनाच्या वारंवारतावार आलेखात, असंतुलन वा सैलपणाची शिखरे २४, ४८, ७२ अशी येतात आणि ५० हर्ट्झच्या विद्युतपुरवठ्यामुळे चुंबकीय कंपन १०० हर्ट्झला दिसते. ८६ चे शिखर यांपैकी कोणाच्याच खात्यात बसत नाही. गोळ्या थोड्या घसरत असल्याने प्रत्यक्ष शिखर हिशेबापेक्षा एखाद-दोन टक्के सरकलेले असू शकते.

कल कसा वाचायचा हे एका काल्पनिक नोंदवहीवरून पाहू. पट्ट्याने कन्व्हेयर ओढणाऱ्या अशाच एका मोटरवर दर आठवड्याला, ठरलेल्या भारावर नोंद घेतली जाते. पहिल्या आठ नोंदींत वेग १.३ मिमी/से आणि एन्व्हलपचे मूल्य ०.४ जीच्या आसपास आहे. हीच या मोटरची पायारेषा. नवव्या आठवड्यात एन्व्हलप ०.६ होते, वेग हलत नाही. ग्रीस कमी पडले तरी असेच होते, म्हणून ठरलेल्या मात्रेत ग्रीस भरले जाते. मूल्य ०.४५ वर उतरते, पण पाच दिवसांत ०.६५ वर परत येते. दुखणे नुसत्या कोरडेपणाचे असते तर ते खालीच राहिले असते. अकराव्या आठवड्यात ०.९ जीची नोंद होते आणि वर्णपटात ८६, १७२ व २५८ हर्ट्झला शिखरे उभी राहतात. दोष बाहेरच्या कड्यावर आहे हे येथे निश्चित होते. आतल्या कड्याचा खड्डा शाफ्टबरोबर फिरून भाराखाली येत-जात राहतो, त्यामुळे त्याच्या शिखराच्या दोन्ही बाजूंना २४ हर्ट्झ अंतरावर उपशिखरे दिसली असती. येथे ती नाहीत.

तेराव्या आठवड्यात मूल्य १.५ होते. आता नोंदी रोज घेतल्या जातात, बेअरिंग मागवले जाते आणि सोळाव्या आठवड्यातल्या नियोजित थांब्यात ते बदलायचे ठरते. त्या सुमारास वेगही प्रथमच १.८ मिमी/से दाखवतो. फक्त वेगावर भिस्त ठेवली असती तर पहिला इशारा येथे मिळाला असता. काढलेले बेअरिंग कापून पाहिल्यावर पट्ट्याच्या ओढीने दाबल्या जाणाऱ्या बाजूला बाहेरच्या कड्यावर काही मिलिमीटरचा खड्डा सापडतो. हे कापून पाहणे टाळू नये. आपले निदान बरोबर होते की नाही हे दुसऱ्या कशानेच इतके स्पष्ट होत नाही.

आलेखाची रेघ पुढे ओढून बिघाडाची तारीख काढण्याचा मोह होतो, पण झीज सरळ रेषेत वाढत नाही. उलट शेवटच्या टप्प्यात खड्ड्याच्या कडा घासून गुळगुळीत झाल्या की एन्व्हलपचे मूल्य खाली येऊ शकते आणि शिखरे सर्वत्र पसरलेल्या गोंगाटात बुडतात. दुरुस्तीशिवाय सुधारलेला आकडा म्हणूनच संशयास्पद मानावा.

बहुतेक चुका मात्र मोजण्याच्या हातात असतात. संवेदक बेअरिंगच्या घरावर, जाड धातूवर हवा. पंख्याच्या पातळ पत्र्यावर ठेवल्यास पत्राच मोजला जातो. स्क्रूने घट्ट बसवलेला संवेदक उच्च वारंवारता नीट पकडतो, चुंबकाचा त्याहून कमी आणि हाताने टेकवलेला सर्वांत कमी. एका आठवड्यात चुंबक आणि पुढच्यात हात वापरला, तर आलेखात दिसणारा बदल बेअरिंगचा नसतो. फिल्टरचा पट्टा किंवा उपकरण बदलले तरी पायारेषा नव्याने घ्यावी लागते. ड्राइव्हवर, म्हणजे फेरे कमीजास्त करणाऱ्या विद्युत-उपकरणावर, चालणाऱ्या मोटरचा वेग बदलत असल्यास दोषवारंवारताही बदलते, म्हणून आधी शाफ्टचे शिखर शोधून हिशेब तिथून करतात. अशा मोटरींत शाफ्टमधला विद्युतप्रवाह बेअरिंगमधून वाहून कड्यांवर आडव्या रेघोट्या पाडतो. शाफ्टला अर्थिंग किंवा इन्सुलेटेड बेअरिंग न दिल्यास नवे बेअरिंगही त्याच वाटेने जाते.

अचानक ग्रीस संपून काही तासांत जळणारे बेअरिंग आठवड्याच्या नोंदींत सापडत नाही. तिथे कायम बसवलेला संवेदक आणि तापमानाची मर्यादा लागते.