6.25 आला कुठून?

फूड अॅनालिसिसच्या पेपरात एक गणित ठरलेलं असतं. पिठाची ओलावा, राख, स्निग्धांश आणि क्रूड प्रोटीन यांची रीडिंग दिलेली असतात, टक्केवारी काढायची असते. पहिल्या तीन भागांत अडण्यासारखं काही नसतं, कारण तिथे वजनातला फरकच उत्तर देतो. ओव्हनमध्ये उडालं ते पाणी, मफल फर्नेसमध्ये साधारण 550 अंशांवर उरलं ती राख, ईथरमध्ये विरघळलं तो स्निग्धांश. चौथ्या भागात मात्र आपण मोजतो नायट्रोजन आणि लिहितो प्रोटीन. मधला 6.25 बहुतेक जण पाठ केलेला असतो म्हणून लिहितात, आणि मार्क जातात ते तिथेच.

ही चौकट जर्मनीतल्या गोटिंगनजवळच्या वेंडे इथली. 1860 च्या दशकात हेन्नेबर्ग आणि श्टोमान यांना जनावरांच्या चाऱ्याची तुलना करायची होती. एकेक रसायन वेगळं काढणं तेव्हा शक्य नव्हतं, म्हणून त्यांनी पदार्थाचे ढोबळ गट पाडले आणि त्यांच्या नावांमागे ‘क्रूड’ लावलं. तो शब्द म्हणजे प्रामाणिक कबुली होती. ईथरमध्ये स्निग्ध पदार्थांबरोबर रंगद्रव्यं आणि मेणही उतरतं. नायट्रोजन प्रोटीनखेरीज इतर संयुगांतही असतो.

तरीही नायट्रोजनच का? कारण पाणी, साखर, स्टार्च आणि साध्या स्निग्ध पदार्थांत तो नसतो. प्रोटीनमध्ये तो सरासरी 16 टक्के धरला गेला. 100 भागिले 16 म्हणजे 6.25. नैसर्गिक स्थिरांक वगैरे काही नाही, फक्त एक सरासरी.

नायट्रोजन मोजणं मात्र जिकिरीचं होतं. त्यावर तोडगा काढला योहान केल्डाल यांनी, कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत. बिअर बनवणाऱ्यांना धान्यातलं प्रोटीन माल्टिंगमध्ये कसं बदलतं हे पाहायचं होतं. 1883 मध्ये केल्डाल यांनी नमुना तीव्र सल्फ्युरिक आम्लात उकळून नायट्रोजनचं अमोनियम सल्फेट करण्याची पद्धत प्रसिद्ध केली. त्यात अल्कली घालून अमोनिया ऊर्ध्वपातित करायचा आणि टायट्रेट करायचा. पुढे 1889 मध्ये गनिंग यांनी पोटॅशियम सल्फेट घालून आम्लाचा उत्कलनबिंदू वाढवला. आजही डायजेशन मिश्रणात ते असतं ते त्यासाठीच.

प्रॅक्टिकलमध्ये चुका दोन ठिकाणी होतात. फ्लास्कमधलं द्रावण स्वच्छ झालं की डायजेशन संपलं असं वाटतं, पण त्यानंतरही काही वेळ उकळावं लागतं, नाहीतर नायट्रोजन कमी भरतो. दुसरी चूक अल्कली कमी पडण्याची. कॉपर उत्प्रेरक असेल तर पुरेशी अल्कली पडल्यावर द्रावण गडद निळं किंवा काळपट होतं. तसं झालं नाही तर अमोनिया मुक्तच झालेला नाही. शंका आली तर अमोनियम सल्फेटच नमुना म्हणून चालवून पाहावं. त्यात 21.2 टक्के नायट्रोजन असतो, आणि कमी आला तर गळती ऊर्ध्वपातनात आहे, कारण इथे डायजेशनला करण्यासारखं काही नसतंच.

आता गहू. त्याच्या ग्लुटेनमध्ये ग्लुटामिन भरपूर, म्हणून नायट्रोजन सुमारे 17.5 टक्के. 1931 मध्ये अमेरिकेच्या कृषी खात्यातल्या जोन्स यांनी पदार्थागणिक गुणक दिले. त्यांत गव्हाच्या पिठाला 5.70 आणि दुधाला 6.38 आहे.

गणितात याने काय फरक पडतो ते पाहा. 1 ग्रॅम पीठ, 0.1 नॉर्मल आम्ल, नमुन्याला 14.2 मिली, ब्लँकला 0.2 मिली.

%N = (14.2 − 0.2) × 0.1 × 1.4 / 1 = 1.96

5.70 ने गुणलं तर प्रोटीन 11.17 टक्के, 6.25 ने गुणलं तर 12.25. फ्लास्क तोच, ब्युरेटचं रीडिंग तेच, आणि फरक एका टक्क्याहून जास्त. ब्लँक वजा करायला विसरलात तर चूक यापेक्षा बरीच लहान असते, पण परीक्षक तिच्यावर लाल रेघ ओढतो आणि गुणकाकडे कधीकधी पाहतही नाही.

हा फरक प्रोटीनपुरता थांबत नाही. त्याच पिठात ओलावा 13.0, राख 0.5 आणि स्निग्धांश 1.2 टक्के असेल, तर 100 मधून सगळं वजा करून कार्बोहायड्रेट 5.70 ने 74.13 येतात आणि 6.25 ने 73.05. यात तंतूही धरलेले आहेत. कार्बोहायड्रेटला कुणी हातही लावलेला नसतो, तरी प्रोटीनच्या गुणकातली चूक त्यांच्याच खात्यात जमा होते. म्हणून उत्तरपत्रिकेत टक्केवारीपाशी ‘N × 5.70’ असं लिहावं. पुढची सगळी वजाबाकी कशावर उभी आहे हे त्यातून तपासणाऱ्याला कळतं.