ध्रुवणमापन, उसाच्या रसाचे

साखरेच्या द्रावणातून ध्रुवित, म्हणजे एकाच प्रतलात कंप पावणारा, प्रकाश सोडला की ते प्रतल वळते. किती वळले हे मोजून द्रावणातली साखर काढण्याची ही पद्धत. चिकोडी, निपाणी, अथणी या बेळगावच्या सीमाभागातल्या ऊसपट्ट्यात 'पोल' म्हणून ज्या आकड्याची चर्चा चालते, तो याच मोजणीतून येतो. बेळगावात साखर तंत्रज्ञानाची एस. निजलिंगप्पा शर्करा संस्था आहे.

वळण्याचा कोन तीन गोष्टींवर ठरतो : पदार्थाचे विशिष्ट घूर्णन, नळीची लांबी डेसिमीटरमध्ये आणि दर मिलिलिटरमधले ग्रॅम.

α = [α] × l × c

सोडियमच्या पिवळ्या प्रकाशात २० अंश सेल्सिअसला सुक्रोजचे विशिष्ट घूर्णन सुमारे +६६.५ अंश आहे. साखर कारखान्यात मात्र अंशांऐवजी शर्करा-मापश्रेणी वापरतात. शुद्ध सुक्रोज २६ ग्रॅम घेऊन १०० मिलिलिटर द्रावण केले आणि ते २०० मिलिमीटरच्या नळीत पाहिले, की वाचन १०० यावे अशी ही श्रेणी बेतलेली आहे. तिथला एक अंक म्हणजे १०० मिलिलिटरमध्ये ०.२६ ग्रॅम साखर.

रस गढूळ आणि काळपट असतो, म्हणून आधी तो निवळावा लागतो. सुमारे १०० मिलिलिटर रसात चिमूटभर कोरडे बेसिक लेड अ‍ॅसिटेट टाकून हलवतात आणि गाळतात. गाळलेल्या रसाचे पहिले थेंब टाकून द्यायचे, पुढच्या स्वच्छ रसाने नळी दोनदा विसळायची, मगच भरायची. बुडबुडा राहू द्यायचा नाही. टोपण फार आवळले तर काचेवर ताण येऊन वाचन सरकते. शिसे जास्त पडले तरी आकडा चुकतो, कारण ते फ्रुक्टोजचे घूर्णन बदलते. शिसे विषारी असल्याने त्याचा गाळ मोरीत ओतता येत नाही.

आता ताज्या उसाचे एक उदाहरण. रसाचा ब्रिक्स २०, त्या वेळी घनता १.०८१, वाचन ७३.२. १०० मिलिलिटरमध्ये साखर ७३.२ × ०.२६ = १९.०३ ग्रॅम. घनतेने भागले की पोल १७.६ टक्के. पोलला ब्रिक्सने भागून शंभराने गुणले की शुद्धता ८८. ब्रिक्समध्ये सगळे विरघळलेले पदार्थ येतात, म्हणून नुसता ब्रिक्स पाहून ऊस चांगला म्हणणे धोक्याचे.

खरी परीक्षा शिळ्या उसाची. तोडलेला ऊस गव्हाणीत पडेपर्यंत दोन-तीन दिवस गेले की सुक्रोज तुटून ग्लुकोज व फ्रुक्टोज होतात. फ्रुक्टोज प्रकाश डावीकडे वळवतो, सुमारे −९२ अंशांनी; ग्लुकोज उजवीकडे, पण फक्त +५२.७. दोघांच्या समप्रमाण मिश्रणाचे घूर्णन सुमारे −२० येते. समजा वरच्या रसातले २ टक्के सुक्रोज असे फुटले. खरे सुक्रोज १५.६ उरले, पण मिश्रण उलटे ओढत असल्याने पोल १५ दाखवतो. ब्रिक्स मात्र जवळपास तेवढाच, उलट थोडा वाढलेला. ऊस वाळला असेल तर आणखीच वाढलेला.

इथेच दुसरी गोम आहे. तोडलेल्या टोकांतून ल्युकोनॉस्टॉक जिवाणू शिरतात आणि डेक्स्ट्रान नावाचा चिकट पदार्थ बनवतात. त्याचे घूर्णन सुक्रोजच्या सुमारे तिप्पट, तेही उजवीकडे. वरच्याच रसात ०.२ टक्के डेक्स्ट्रान असले तर पोल ०.६ ने फुगतो आणि आकडा पुन्हा १५.६ दिसतो! दोन चुका एकमेकींना झाकतात आणि कागदावर सगळे ठीक वाटते. संशय येतो तो गाळण्यावरून : निवळलेला रसही धुरकट राहतो, गाळणकागदातून थेंब थेंब उतरतो.

खात्री करायची तर क्लेर्जे पद्धत. एक वाचन साध्या रसाचे घ्यायचे, दुसरे आम्लाने सगळे सुक्रोज फोडून, पातळपणाचा हिशेब धरून. आधीची ग्लुकोज-फ्रुक्टोजची जोडी आणि डेक्स्ट्रान दोन्ही वाचनांत जवळजवळ सारखेच असल्याने वजाबाकीत गळून पडतात. फरक उरतो तो सुक्रोजचा. शुद्ध सुक्रोजचे १०० वाचन फोडल्यावर २० अंशांना सुमारे −३३ होते, म्हणून फरकाला १३३ ने भागून शंभराने गुणले की खरे सुक्रोज मिळते. हा भाजक तापमानाप्रमाणे बदलतो, कारण फ्रुक्टोजचे घूर्णन उष्णतेने चटकन घटते. मार्चच्या उन्हात तापलेल्या खोलीत २० अंशांचा भाजक वापरणे चुकीचे. नळीभोवती ठरावीक तापमानाचे पाणी खेळवावे लागते.

जवळ-अवरक्त प्रकाशावर चालणाऱ्या उपकरणांना रंग फारसा अडवत नाही, त्यामुळे शिसे टाळून फक्त गाळून भागते. पण डेक्स्ट्रानचे घूर्णन तिथेही सुक्रोजच्या घूर्णनात मिसळूनच येते. ते वेगळे ओळखायला रसात अल्कोहोल घालून धूसरपणा मोजतात.