‘म’ चे तीन बाइट आणि फेनविकचं झाड

मोबाइलवर ‘म’ टाइप केला की फाइलमध्ये एक अक्षर नाही, तीन बाइट जाऊन बसतात: २२४, १६४ आणि १७४. युनिकोडच्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह २२४ नेच सुरू होतं, त्यानंतर १६४ किंवा १६५ येतो आणि नेमकं अक्षर कोणतं ते तिसरा बाइट सांगतो. म्हणजे मराठी मजकुराच्या फाइलमध्ये जवळपास दर तिसरा बाइट २२४ असतो. अशी फाइल दाबून लहान करायला बसलेल्या प्रोग्रॅमला हा २२४ सारखा सारखा मोजावा लागतो. फेनविकच्या झाडाचा जन्म याच मोजणीच्या कामातून झाला. ऑकलंड विद्यापीठातल्या पीटर फेनविक यांनी १९९४ साली ही रचना मांडली, तीही फाइल दाबण्यासाठी लागणाऱ्या संचित वारंवारतेच्या तक्त्यासाठी. (बोरिस रियाब्को यांनी १९८९ मध्येच अशी रचना सुचवली होती. नाव मात्र फेनविकचं रूढ झालं.)

संचित वारंवारता आपण दहावीच्या संख्याशास्त्रात शिकलो आहोत. इथे ती कशाला लागते ते आधी पाहू. अरिथमेटिक कोडिंग नावाच्या पद्धतीत २५६ संभाव्य बाइटांच्या पट्ट्या एका सरळ रेषेवर शेजारी शेजारी मांडलेल्या असतात. जो बाइट जितक्या वेळा आला तितकी त्याची पट्टी रुंद. सुरुवातीला प्रत्येकाला १ ची रुंदी दिलेली असते, म्हणजे एकही बाइट जागेवाचून राहत नाही. २२४ आला की प्रोग्रॅमला दोन गोष्टी कराव्या लागतात. त्याची पट्टी कुठे सुरू होते ते काढायचं, म्हणजे ० ते २२३ या सगळ्या बाइटांच्या मोजणीची बेरीज. मग २२४ ची मोजणी एकने वाढवायची. प्रत्येक बाइटाला हेच: एक बेरीज, एक भर.

साधा तक्ता ठेवला तर भर घालणं एका कप्प्याचं काम, पण ‘म’ च्या तीन बाइटांसाठी बेरजा करताना २२४, १६४ आणि १७४ असे एकूण ५६२ कप्पे वाचावे लागतात. उलट, प्रत्येक कप्प्यात तिथपर्यंतची बेरीजच तयार ठेवली तर वाचन झटपट होतं. पण मग २२४ ची मोजणी वाढली की त्याच्यापासून शेवटपर्यंतचे ३२ कप्पे दुरुस्त करावे लागतात. १६४ साठी असे ९२ आणि १७४ साठी ८२ कप्पे. एका ‘म’ पायी २०६ दुरुस्त्या, आणि फाइलमध्ये अशी लाखो अक्षरं.

फेनविकच्या झाडातही कप्पे २५६ च असतात. त्यांचे क्रमांक १ ते २५६, म्हणून बाइट ० ची मोजणी १ नंबरला आणि २२४ ची २२५ नंबरला जाते. फरक इतकाच की एकेका कप्प्यात किती जणांची बेरीज ठेवायची, हे कप्प्याचा क्रमांकच ठरवतो. क्रमांक द्विमान पद्धतीत लिहायचा आणि उजवीकडून येताना भेटणारा पहिला १ पाहायचा. त्या १ ची जी किंमत तितक्या जणांची बेरीज त्या कप्प्यात, स्वतःपासून मागे मोजून. १६४ म्हणजे १०१००१००. त्यातल्या सर्वांत उजव्या १ ची किंमत ४, म्हणून १६४ नंबरच्या कप्प्यात १६१ ते १६४ या चौघांची बेरीज. २२४ म्हणजे १११०००००. इथे ती किंमत ३२, म्हणून १९३ ते २२४ अशा बत्तीस जणांची बेरीज. विषम क्रमांकाचे सगळे कप्पे फक्त स्वतःपुरते, आणि २५६ च्या पोटात सगळेच्या सगळे.

आता पहिल्या २२४ जणांची बेरीज हवी असेल तर २२४ चा कप्पा वाचायचा. त्याने शेवटचे बत्तीस उरकले. २२४ मधून ३२ गेले, उरले १९२. द्विमानात तो ११००००००, सर्वांत उजव्या १ ची किंमत ६४. तो कप्पा १२९ ते १९२ ची बेरीज देतो. उरले १२८, आणि १२८ चा कप्पा १ ते १२८ ची. काम संपलं. तीन कप्प्यांत २२४ जणांची बेरीज झाली, कारण २२४ मध्ये १ हा अंक तीनदाच येतो. १२८, ६४ आणि ३२ च्या नोटा असत्या तर २२४ रुपये आपण याच तीन नोटांनी दिले असते.

उजवीकडचा पहिला १ शोधायला बिट तपासत बसावं लागत नाही. संगणक ऋण संख्या टूज कॉम्प्लिमेंट पद्धतीने ठेवतो: सगळे बिट उलटे करायचे आणि १ मिळवायचा. उलटे केल्यावर शेवटची शून्यं एकं होतात. १ मिळवला की हातचा त्या एकांना पुन्हा शून्य करत पुढे सरकतो आणि मूळच्या त्याच १ च्या जागी येऊन थांबतो. त्याच्या डावीकडचं सगळं उलटंच राहतं. त्यामुळे मूळ संख्या आणि तिची ऋण संख्या यांच्यात जो १ समान उरतो तो नेमका आपल्याला हवा असलेला.

```
 164    10100100
-164    01011100
  &     00000100
```

संगणकाच्या दृष्टीने हे अगदी स्वस्त काम, `i & -i` इतकंच. त्यावर अख्खं झाड उभं राहतं:

```c
int T[257];   /* कप्पे १ ते २५६ */
int sum(int i) {
    int s = 0;
    for (; i > 0; i -= i & -i) s += T[i];
    return s;
}
void add(int i, int d) {
    for (; i <= 256; i += i & -i) T[i] += d;
}
```

बेरीज करताना ही किंमत वजा होते, भर घालताना ती मिळवली जाते. वजाबाकी आपण पाहिली. मिळवणं का चालतं हे मला बराच काळ नीट कळलं नव्हतं, म्हणून त्यावर थोडा थांबतो. २२४ या बाइटाची मोजणी २२५ नंबरला आहे. ती वाढली तर २२५ ला पोटात घेणारे सगळे कप्पे वाढले पाहिजेत. उदाहरण म्हणून त्या वाटेवरचा २३२ चा कप्पा घ्या. त्याची किंमत ८, म्हणून पुढची उडी २४० वर. मधले २३३ ते २३९ का सोडले? कारण या प्रत्येकातला सर्वांत उजवा १ हा २३२ नंतर मिळवलेल्या भागातच असतो, म्हणून त्यांच्या बेरजा २३२ च्या पुढेच सुरू होतात. २३६ पाहा: २३२ अधिक ४, किंमत ४, म्हणून त्यात २३३ ते २३६. तो मागे २२५ पर्यंत पोहोचतच नाही. २४० ची किंमत मात्र १६, त्यात २२५ ते २४० सगळे येतात. मिळवताना जो हातचा पुढे जातो तोच आपल्याला पुढच्या मोठ्या कप्प्यात नेऊन सोडतो. पूर्ण वाट अशी: २२५, २२६, २२८, २३२, २४०, २५६. सहा कप्पे.

‘म’ च्या उरलेल्या दोन बाइटांचा हिशेबही पाहू. १६४ साठी वाचायचे कप्पे १६४, १६० आणि १२८, भर घालायचे १६५, १६६, १६८, १७६, १९२ आणि २५६. १७४ साठी वाचायचे पाच, भर घालायचे चार: १७५, १७६, १९२, २५६. तिन्ही बाइटांचं मिळून वाचन ११, भर १६. साध्या तक्त्यातल्या ५६२ वाचनांशी किंवा २०६ दुरुस्त्यांशी हे ताडून पाहा. शिवाय प्रत्येक वेळी वाचन आणि भर मिळून बरोबर ९ कप्पे होतात. हा योगायोग नाही, त्याकडे शेवटी येतो.

आता दोन चुका सांगतो. पहिली माझी स्वतःची. क्रमांकात १ मिळवायचा विसरून मी बाइटाचीच किंमत कप्पा म्हणून वापरली होती. मराठी आणि इंग्रजी मजकुराच्या सगळ्या फाइली व्यवस्थित दाबल्या गेल्या, म्हणून मी निर्धास्त होतो. मग एक फोटो दिला आणि प्रोग्रॅम जागीच अडकला. मजकुरात ० हा बाइट येत नाही, फोटोत तो हमखास असतो. शून्यात एकही १ नाही, म्हणून `0 & -0` चं उत्तर ०, शून्यात शून्य मिळवत `add` तिथेच फिरत राहतो. हे झाड शून्य क्रमांक सोसत नाही, आणि चाचणीत तो क्रमांक आलाच नाही तर चूक दिसतही नाही.

दुसरी चूक जास्त फसवी आहे. मोजणी वाढत वाढत हाताबाहेर जाऊ नये म्हणून अशा प्रोग्रॅमांत एकूण बेरजेला मर्यादा असते. विटन, नील आणि क्लिअरी यांच्या १९८७ च्या प्रसिद्ध प्रोग्रॅममध्ये ती १६३८३ होती. मर्यादा गाठली की प्रत्येक मोजणीत १ मिळवून तिची निम्मी करायची, अपूर्णांक सोडून द्यायचा. १ मिळवल्यामुळे कोणाचीही मोजणी शून्यावर जात नाही. मोह असा होतो की झाडाच्या कप्प्यांनाच हा नियम सरसकट लावावा. पहिल्या दोघांची मोजणी १ आणि १ आहे असं धरा. पहिल्या कप्प्यात १, दुसऱ्यात दोघांची बेरीज २. निम्मं केल्यावर पहिल्यात १ राहतो, आणि दुसऱ्यातही (२+१) चे निम्मे, म्हणजे १ च. मग दुसऱ्याचा स्वतःचा वाटा १ वजा १, शून्य. त्याच्या पट्टीला रुंदीच उरली नाही, तो बाइट पुढे आला तर लिहिताच येणार नाही. म्हणून सुट्या मोजण्यांचा साधा तक्ता शेजारी ठेवावा, निम्मं त्याचं करावं आणि झाड नव्याने बांधावं. बांधणी एका फेरीत होते: प्रत्येक कप्प्यात आधी त्याची सुटी मोजणी ठेवायची, मग १ पासून २५५ पर्यंत चढत जाऊन प्रत्येक कप्प्याची बेरीज `i + (i & -i)` या एकाच कप्प्यात ओतायची. तो साधा तक्ता चाचणीलाही कामी येतो. त्यातून सरळ काढलेली बेरीज आणि `sum` चं उत्तर जुळलं नाही, की चूक कुठल्या बाइटानंतर शिरली ते लगेच सापडतं.

फाइल उलगडताना प्रश्न उलटा असतो. दाबलेल्या फाइलमधून मिळालेला रेषेवरचा एक बिंदू हातात आहे, तो कोणाच्या पट्टीत पडतो ते शोधायचं. त्यासाठी १२८ च्या कप्प्यापासून सुरुवात करायची. त्यातली बेरीज बिंदूच्या पुढे जात नसेल तर ती बिंदूतून वजा करून १२८ वर पाय ठेवायचा, पुढे जात असेल तर जागेवर थांबायचं. मग पाऊल ६४ चं, मग ३२ चं, असं १ पर्यंत. बिंदू २२४ च्या पट्टीत असेल तर १२८ चालतो, १९२ चालतो, २२४ चालतो. पुढे २४०, २३२, २२८, २२६ आणि २२५, पाचही नाकारले जातात. चाललेले तीन कप्पे म्हणजे लिहिताना बेरजेसाठी वाचलेले तेच तीन. नाकारलेले पाच आणि कायमचा २५६ म्हणजे भर घातलेले तेच सहा. आठ पावलं आणि एक २५६, म्हणून प्रत्येक बाइटाचे कप्पे नऊच भरतात. आता होकाराला १ आणि नकाराला ० लिहीत गेलात तर कागदावर १११००००० उमटतं, म्हणजे २२४, ‘म’ चा पहिला बाइट.